फायटो आणि सीओओ मराठीत उतरवताना

नारायणगावच्या बाजूच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं होतं. द्राक्षांचा एक कंटेनर न्हावाशेव्यातून रॉटरडॅमला गेला होता. निर्यातदारानं वजनात घट आणि मालात सड दाखवून पैसे कापले होते. संचालक मंडळाला दोन कागद मराठीत हवे होते, एक वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, ज्याला सगळे फायटो किंवा पीएससी म्हणतात, आणि दुसरं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे सीओओ. एक प्रत सर्वसाधारण सभेत वाचून दाखवायची होती, दुसरी शिवाजीनगर कोर्टातल्या वकिलांना द्यायची होती.

काम दोन पानांचं. मी एका दुपारीत उरकलं आणि एक शब्द गाळला. फायटोतल्या ‘क्वांटिटी डिक्लेअर्ड’ या रकान्यासमोर मी नुसतं ‘प्रमाण’ लिहिलं. आठवड्यानं चेअरमनसाहेबांचा फोन आला. ते खुशीत होते. म्हणाले, “मॅडम, हे तर सरकारनंच लिहून दिलंय की १३ टन २०० किलो माल गेला. आता तो काय घट दाखवणार?” माझ्या पोटात गोळा आला. सरकारनं तसं काहीही लिहून दिलेलं नव्हतं. ‘डिक्लेअर्ड’ म्हणजे निर्यातदारानं सांगितलेलं. तपासणी अधिकाऱ्यानं वजनकाटा लावलेला नसतो. तो एक शब्द गेल्यामुळे निर्यातदाराचा दावा माझ्या मराठीत सरकारी दाखला होऊन बसला होता.

अनुवाद मागे घेतला, दुरुस्त करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून हे कागद मी ज्या क्रमानं करते तो खाली मांडते. उदाहरण त्याच कंटेनरचं घेते, ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशील थोडे बदलून.

आधी ठरवा, अनुवाद कशासाठी

रॉटरडॅमच्या तपासणी नाक्यावर मराठी अनुवादाचं काही काम नाही. फायटो आपल्याकडे इंग्रजीतच निघतो आणि युरोपीय संघाला तो संघाच्या एखाद्या अधिकृत भाषेत असला की पुरतो. मराठी प्रत लागते ती आपल्याच माणसांना: सभासदांना, बँकेला, वकिलांना. म्हणून अनुवादाच्या पहिल्याच ओळीत लिहायचं, ‘हा मूळ इंग्रजी प्रमाणपत्राचा अनुवाद आहे, मूळ प्रमाणपत्राऐवजी वापरता येणार नाही.’

मूळ कागदावर, अगदी पेन्सिलीनंसुद्धा, काही लिहू नका. फायटोवर अधिकाऱ्यानं प्रमाणित न केलेली खाडाखोड असेल तर तो अवैध धरला जातो. स्कॅन मागवा आणि कागद त्यांच्याकडेच राहू द्या.

नाव मराठीत काय ठेवायचं

सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनला ‘मूळ प्रमाणपत्र’ लिहिलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. मराठी वाचणाऱ्याला ‘मूळ प्रमाणपत्र’ म्हटल्यावर पहिलं काय सुचतं? झेरॉक्स नव्हे, ओरिजिनल. त्यात या कागदाच्या कोपऱ्यात बऱ्याचदा ‘ओरिजिनल’, ‘डुप्लिकेट’ असे शिक्के असतातच. मग ‘मूळ प्रमाणपत्राची मूळ प्रत’ असं काहीतरी तयार होतं आणि वकील कपाळाला हात लावतात. मी ‘उगम प्रमाणपत्र’ वापरते आणि पहिल्या वेळी शेजारी ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ देवनागरीत लिहिते.

फायटोसॅनिटरीतल्या ‘सॅनिटरी’वरून ‘वनस्पती स्वच्छता’ करू नये. द्राक्षं धुतली की नाही याच्याशी या कागदाचा संबंध नाही. ‘वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र’ हेच बरोबर.

सीओओवर ‘नॉन-प्रेफरन्शियल’ असतं. इथं शब्दकोशातलं ‘प्राधान्य नसलेले’ लिहिलं की बागायतदाराला वाटतं, आपला माल दुय्यम प्रतीचा ठरवला. अर्थ एवढाच आहे की या प्रमाणपत्रावर आयातशुल्काची सवलत मागितलेली नाही. मी ‘शुल्क-सवलतीशी न जोडलेले’ असं लिहिते. लांब होतं, पण प्रश्न विचारायला कोणी फोन करत नाही. पुण्यात अशी प्रमाणपत्रं मराठा चेंबर देतं आणि अर्ज आता परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन प्रणालीतून होतो. व्यापार करारांखाली सवलतीसाठी काढायचे नमुने वेगळे असतात, त्यांचे रकाने वेगळे आणि उगमाचे निकषही वेगळे. एकाचा अनुवाद दुसऱ्याला चिकटवू नका.

साचा मुळासारखाच

फायटोचा नमुना आंतरराष्ट्रीय आहे. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली तो ठरलेला आहे, त्यामुळे देश कुठलाही असो, विभाग तेच: पहिल्यात मालाचं वर्णन, दुसऱ्यात अतिरिक्त घोषणा, तिसऱ्यात कीडनाशक प्रक्रिया. मी दोन स्तंभांचा तक्ता करते. डावीकडे रकान्याचा क्रमांक आणि नाव, उजवीकडे मजकूर. मुळात रकाना जिथं आहे तिथंच अनुवादात. दोन रकाने एकत्र करायचे नाहीत, क्रम ‘सोयीचा’ करायचा नाही. वकील दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवत वाचतात, ते बोट अडखळता कामा नये.

रिकाम्या जागांचं काय? यात तीन प्रकार येतात आणि तिन्ही वेगळे दाखवायचे. अधिकाऱ्यानं ‘निल’ लिहिलं असेल तर ‘निरंक’. आपल्या सरकारी मराठीनं दिलेला हा फार नेमका शब्द आहे. रेघ मारली असेल तर चौकटी कंसात [रेघ मारलेली]. काहीच नसेल तर [मुळात रिकामे]. ‘निरंक’ म्हणजे अधिकाऱ्यानं विचार करून ‘काही नाही’ म्हटलं, आणि रिकामं म्हणजे त्यानं काहीच म्हटलं नाही. वादात हा फरक कामाला येतो.

शिक्के, सह्या, हस्ताक्षरातल्या नोंदी याही अनुवादात येतात: [गोल शिक्का: …], [सही], [अवाच्य]. न लागणारं अक्षर अंदाजानं भरायचं नाही. आमच्या कंटेनरच्या फायटोवर नारायणगावचं स्पेलिंग चुकलेलं होतं. मी रोमनमध्ये ते तसंच ठेवलं आणि तळटीपेत ‘मुळात असेच’ एवढंच लिहिलं. दुरुस्ती करणं अधिकाऱ्याचं काम.

कोड, नावं, आकडे: यांना हात लावायचा नाही

सीओओवर द्राक्षांचा कोड होता `08061000`. यातले पहिले दोन अंक प्रकरणाचे, आठवं प्रकरण म्हणजे खाण्याजोगी फळं. चार अंकांपर्यंत गेलं की द्राक्षं, ताजी किंवा सुकवलेली. सहा अंकांवर ताजी आणि सुकलेली वेगळी होतात: `080610` ताजी, `080620` बेदाणे-मनुके. या सहा अंकांपर्यंत जगभर एकच पद्धत आहे. पुढचे अंक ज्या त्या देशाचे.

म्हणून डच खरेदीदाराच्या कागदावर दुसराच कोड दिसला की घाबरायचं नाही:

```
0806 10 00   भारतातला कोड
0806 10 10   युरोपीय संघातला, खाण्याच्या ताज्या द्राक्षांचा
8061000      एक्सेलनं पहिलं शून्य खाल्लेला
```

पहिल्या दोन ओळी दोन्ही बरोबर आहेत. आमच्या चेअरमनसाहेबांना मात्र वाटलं होतं की निर्यातदारानं कोड बदलून काहीतरी घोळ केला. अनुवादकानं यातला एक दुसऱ्यात बदलायचा नसतो. भारतीय कागदावर भारतीय कोड, तिकडच्या कागदावर तिकडचा. हवं तर तळटीप द्या.

तिसरी ओळ हसण्यासारखी आहे, पण मी ती छापील कागदावर पाहिली आहे. कोड एक्सेलच्या खान्यात टाकला की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचं शून्य उडवतं. मग कोड ८० नं सुरू होतो, आणि ८० वं प्रकरण आहे कथलाचं. द्राक्षांचं कथील! कोड चिकटवण्याआधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करून घ्या.

दुसरी काळजी अंकांच्या लिपीची. मजकुरात मी देवनागरी अंक वापरते, इथंही वापरते आहे. पण कोड, प्रमाणपत्र क्रमांक, इन्व्हॉइस क्रमांक, कंटेनर क्रमांक हे सगळं मुळात आहे त्याच रोमन अक्षर-अंकांत राहतं. `08061000` शोधणाऱ्याला संगणकावर `०८०६१०००` सापडेलच असं नाही, आणि पोर्टलवर ते टाइप करून चालतही नाही. मराठी कीबोर्ड चालू असताना हात आपोआप देवनागरी अंकांवर जातो, म्हणून कोड टाइप करायचेच नाहीत. स्कॅनमधून उचलता आले तर उचला, नाहीतर कीबोर्ड बदलून लिहा आणि लगेच ताडा. कंटेनर क्रमांक म्हणजे चार अक्षरं आणि सात अंक, त्यातला शेवटचा अंक आधीच्या सगळ्यांवरून गणितानं काढलेला पडताळणीचा असतो. त्यामुळे एखादं अक्षर किंवा अंक चुकला तर तो बहुधा तिथंच उघडा पडतो.

फायटोच्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात व्यापारी कोडाचा रकाना नाही. सीओओवर आहे म्हणून फायटोच्या अनुवादातही ‘सोयीसाठी’ कोड घालायचा मोह होतो. घालू नका. फायटोत मालाची ओळख वनस्पतिशास्त्रीय नावानं होते, आणि तिथं `Vitis vinifera` असेल तर अनुवादातही `Vitis vinifera`च. त्याला ‘द्राक्षवेल’ करायचं नाही, देवनागरीत उतरवायचंही नाही. शेजारच्या ‘मालाचे नाव’ या रकान्यात ‘ताजी द्राक्षे’ येतं, तेवढं पुरे. वाणाचं नावही तसंच. ‘थॉमसन सीडलेस’चं ‘बिनबियांची थॉमसन’ करू नये.

वजन `13.200 MT` असं होतं. मराठी वाचक हे तेरा पूर्णांक दोन दशांश टन असं वाचतो आणि ते बरोबर आहे. नेदरलँडमध्ये मात्र हजार वेगळे करायला टिंब वापरतात, त्यामुळे तिकडचा माणूस `13.200` ला तेरा हजार दोनशे समजू शकतो. मी आकडा आणि एकक दोन्ही जसंच्या तसं ठेवते आणि ताळा मात्र घेते: २० पॅलेट, दर पॅलेटला १३२ खोकी, म्हणजे २,६४० खोकी. एका खोक्यात ५ किलो धरले तर १३,२०० किलो. जुळलं. नाही जुळलं तरी आकडा बदलायचा नाही. ग्राहकाला फोन करायचा. आणि क्विंटलमध्ये रूपांतर तर मुळीच नको, सभेत समजायला सोपं जाईल असं कोणी कितीही म्हटलं तरी.

फायटोचं मुख्य वाक्य

खरी कसोटी इथं लागते. हे एकच लांब वाक्य आहे, सगळ्या देशांच्या फायटोवर सारखं. त्याचा मी ठरवलेला मराठी मजकूर असा:

‘प्रमाणित करण्यात येते की, यात वर्णन केलेल्या वनस्पती, वनस्पतिजन्य उत्पादने किंवा नियमनाखालील अन्य वस्तू यांची योग्य त्या अधिकृत कार्यपद्धतीनुसार तपासणी आणि/किंवा चाचणी करण्यात आली आहे, आणि आयात करणाऱ्या सदस्य देशाने विनिर्दिष्ट केलेल्या क्वारंटाइन किडींपासून त्या मुक्त असल्याचे, तसेच नियमनाखालील बिगर-क्वारंटाइन किडींसंबंधीच्या आवश्यकतांसह त्या देशाच्या सध्याच्या वनस्पती-आरोग्यविषयक आवश्यकतांशी त्या सुसंगत असल्याचे मानण्यात येते.’

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मी कधी ना कधी चुकवलेला आहे.

‘रेग्युलेटेड’ला ‘नियमित’ लिहिलं की मराठीत ते ‘रोजचं, नेहमीचं’ होतं. म्हणून ‘नियमनाखालील’.

‘काँट्रॅक्टिंग पार्टी’ला ‘करार करणारा पक्ष’ लिहिलं की सभेतला प्रत्येक माणूस खरेदीदार कंपनीकडे बघतो, कारण करार त्यांच्याशीच झालेला असतो. इथला करार म्हणजे वनस्पती संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार आणि पार्टी म्हणजे देश. ‘आयात करणारा सदस्य देश’ लिहिलं की शंका उरत नाही.

‘इन्स्पेक्शन’ आणि ‘टेस्ट’ या दोघांना मराठीत आपण सर्रास ‘तपासणी’ म्हणतो. या करारात मात्र इन्स्पेक्शन म्हणजे अधिकाऱ्यानं डोळ्यांनी पाहून केलेली तपासणी आणि टेस्ट म्हणजे त्यापलीकडची, प्रयोगशाळेतली वगैरे. खरं तर ‘पाहणी’ शब्द जास्त जवळचा होता, पण पाहणी म्हटलं की आपल्याकडे मंत्र्यांचा दौरा डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘तपासणी’ आणि ‘चाचणी’. मधलं ‘आणि/किंवा’ कितीही कुरूप दिसलं तरी राहू द्या. ते काढून ‘तपासणी व चाचणी’ केलं तर प्रयोगशाळेची चाचणी झालीच, असा अर्थ निघतो.

‘पेस्ट’ म्हणजे फक्त किडा नव्हे. बुरशी, विषाणू, तण, वनस्पतीला इजा करणारा कुठलाही जीव त्यात येतो. मी ‘कीड’ लिहिते आणि पहिल्याच ठिकाणी तळटीप देते: ‘यात रोगकारक जीव व तण यांचाही समावेश.’ ‘क्वारंटाइन’ कोविडनंतर घराघरात गेला, पण अर्थ फिरला. लोकांना वाटतं, माल वेगळा ठेवला होता. क्वारंटाइन कीड म्हणजे आयातदार देशात अजून नसलेली, किंवा असली तरी सर्वदूर न पसरलेली आणि सरकारी नियंत्रणाखाली असलेली, नुकसान करू शकणारी कीड. हीही तळटीपच.

आता ‘कन्सिडर्ड टु बी’. इथं ‘मुक्त आहेत’ लिहायचं नाही, ‘मुक्त असल्याचे मानण्यात येते’ लिहायचं. अधिकारी नमुना पाहतो, २,६४० खोक्यांतला प्रत्येक घड नव्हे. इंग्रजीत हा ‘मानणं’ पुढच्या ‘सुसंगत असणे’लाही लागू आहे, म्हणून मी क्रियापद एकदाच शेवटी ठेवलं, दोन्हींना सामाईक.

यापुढे कधी कधी एक ऐच्छिक वाक्य येतं: माल इतर किडींपासून ‘प्रॅक्टिकली फ्री’ असल्याचं समजण्यात येतं. एका जुन्या अनुवादात हे ‘प्रत्यक्षात मुक्त’ असं होतं. अर्थ बरोब्बर उलटा! ‘प्रत्यक्षात’ म्हणजे खरोखरच, शंभर टक्के. करारातला अर्थ असा की चांगल्या मशागतीत आणि हाताळणीत जेवढी कीड राहणं अपेक्षित आहे, त्यापेक्षा जास्त नाही. ‘व्यवहारतः मुक्त’ हे त्याला पुरतं. हे वाक्य मुळात नसेल तर अनुवादात आणायचं नाही. जुनी फाइल साचा म्हणून वापरताना हे हमखास शिरतं.

तळाशी छोट्या अक्षरांत आर्थिक दायित्वाची ओळ असू शकते: ‘या प्रमाणपत्रासंबंधी कोणतेही आर्थिक दायित्व … यांच्यावर किंवा त्यांच्या कोणत्याही अधिकाऱ्यावर वा प्रतिनिधीवर येणार नाही.’ रिकाम्या जागी वनस्पती संरक्षण संस्थेचं नाव असतं. ते नाव गाळून ‘कोणावरही दायित्व नाही’ असं केलं तर निर्यातदाराला आयतीच सूट मिळाल्यासारखं दिसतं. सूट फक्त त्या संस्थेला आहे.

‘घोषित’ चार ठिकाणी

पहिल्या विभागात ‘डिक्लेअर्ड’ चारदा येतो: माल घेणाऱ्याचं घोषित नाव-पत्ता, वाहतुकीचं घोषित साधन, प्रवेशाचं घोषित ठिकाण आणि घोषित प्रमाण. चारही ठिकाणी ‘घोषित’ आलाच पाहिजे. मी आता काम संपल्यावर नुसता हा शब्द शोधते आणि चारदा सापडतो का मोजते.

त्याच विभागात ‘उगमाचे ठिकाण’ आहे. इथं जुन्नर तालुका, पुणे जिल्हा, महाराष्ट्र, भारत असं लिहिलेलं होतं आणि सीओओवर नुसतं भारत. वकिलांनी विचारलं, तफावत कशी? तफावत नाही. सीओओवरचा उगम सीमाशुल्काच्या हिशेबाचा, कोणत्या देशाचा माल एवढंच सांगणारा. फायटोतला उगम किडीच्या हिशेबाचा: माल कुठं पिकला, म्हणजेच त्याला कुठली कीड लागू शकली असती. शब्द एकच ठेवला तरी चालतो, पण तळटीप द्या.

अतिरिक्त घोषणा आणि प्रक्रिया

आमच्या कंटेनरला दोन्ही विभागांत ‘निरंक’ होतं, त्यामुळे काम सोपं. आंब्याचं तसं नसतं. युरोपला जाणाऱ्या आंब्याला फळमाशीसाठी गरम पाण्याची प्रक्रिया करतात, ४८ अंश सेल्सिअसला ६० मिनिटं, आणि ती तिसऱ्या विभागात लिहिली जाते. तिथं तापमान आणि वेळ एकाच रकान्यात असतात, ते वेगळे करू नका. ‘रसायन’च्या पुढे कंसात ‘सक्रिय घटक’ असतं, म्हणजे औषधाचं दुकानातलं नाव तिथं येत नाही. पाण्याच्या प्रक्रियेत तो रकाना रिकामा राहिला तर तोही [मुळात रिकामे].

अतिरिक्त घोषणेचा मजकूर आयातदार देशाच्या नियमातून शब्दशः उचललेला असतो. वाक्य कितीही अवघडलेलं असलं तरी सुबक करायचं नाही. त्यात अनेकदा पर्याय असतात, एक तर क्षेत्र किडीपासून मुक्त, किंवा बाग मुक्त, किंवा प्रक्रिया केलेली, आणि अधिकाऱ्यानं त्यातला एक निवडलेला असतो. ‘क्षेत्र’ आणि ‘बाग’ यांची अदलाबदल झाली तर घोषणाच बदलते.

तारखा

युरोपीय संघाच्या नियमानुसार माल देशातून निघण्याआधी जास्तीत जास्त १४ दिवसांत फायटो दिलेला असावा लागतो. म्हणजे तारीख हा कागदाच्या वैधतेचा भाग आहे. `05/02` असं असेल तर मी ते तसंच ठेवते आणि दिवस-महिन्याचा क्रम तळटीपेत लिहिते. पण त्याआधी इन्व्हॉइस आणि बिल ऑफ लेडिंगवरच्या तारखा पाहून खात्री करून घेते. सीओओवर इन्व्हॉइसची तारीख वेगळी, चेंबरच्या सहीची वेगळी. दोन्हींना नुसतं ‘दिनांक’ लिहू नये.

सीओओतली दोन तोंडं

या कागदावर दोन जण बोलतात. आधी निर्यातदार घोषणा करतो, मग चेंबर प्रमाणित करतं. बहुतेक नमुन्यांत चेंबर ‘आमच्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे’ अशा अर्थाची मर्यादा घालून घेतं. ती मर्यादा अनुवादात ठळक राहिली पाहिजे, आणि दोन घोषणांखालच्या सह्या कोणाच्या हेही. मी प्रत्येक घोषणेच्या वर [निर्यातदाराची घोषणा] आणि [चेंबरचे प्रमाणन] असं चौकटी कंसात लिहिते, मुळात मथळा नसला तरी. अनुवादकानं घातलेली भर चौकटी कंसात, हा नियम पहिल्याच तळटीपेत सांगून ठेवते.

ताळा आणि शेवटची सही

अनुवाद झाल्यावर एक रात्र जाऊ देते. दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी मूळ हातात घेतं आणि मी माझ्या प्रतीतले आकडे मोठ्यानं वाचते, एकेक अंक सुटा: शून्य, आठ, शून्य, सहा. ‘आठशे सहा’ असं वाचलं तर पुढचं शून्य कानाला सापडतच नाही. समोरचा टिकमार्क करतो. दोन पानांना दहा मिनिटं लागतात.

मग प्रतिज्ञापत्र. आपल्याकडे युरोपातल्या काही देशांसारखी सगळीकडे चालणारी शपथबद्ध अनुवादकांची व्यवस्था नाही. अनुवादक स्वतः लिहून देतो की दोन्ही भाषा आपल्याला येतात आणि अनुवाद मुळाबरहुकूम आहे, आणि मागणी असेल तर नोटरीपुढे सही करतो. नोटरी तुमच्या सहीची साक्ष देतो, ‘व्यवहारतः मुक्त’ बरोबर की चूक याची नाही. ग्राहकाला हे आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटतं नोटरीचा शिक्का बसला म्हणजे भाषांतर सरकारनं तपासलं. प्रतिज्ञापत्रात मूळ प्रमाणपत्राचा क्रमांक, पानांची संख्या आणि तुम्ही मूळ पाहिलं की स्कॅन, हे तिन्ही लिहा. मी तर नेहमी ‘स्कॅन प्रतीवरून’ असंच लिहिते, कारण खरं तेच असतं.

चेअरमनसाहेबांना दुरुस्त प्रत द्यायला मी स्वतः गेले. फायटो कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे त्यांना सांगावं लागलं. औषधांचे अंश त्यात नसतात, ते प्रयोगशाळेच्या अहवालात असतात. द्राक्षांच्या अंश-तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आपल्या पुण्याच्या मांजरी गावातच आहे, हे त्यांना ठाऊक होतं. प्रतवारी अ‍ॅगमार्कच्या दाखल्यात असते. टिकवणक्षमता तर फायटोत नाहीच, आणि वजन आहे ते नुसतं घोषित, मोजलेलं नव्हे. ते थोडे हिरमुसले. “मग वजन सिद्ध करायचं कशानं?” वकील म्हणाले, पॅकहाऊसला माल उतरवला तेव्हाच्या आवक पावत्या आणि वजनकाट्याच्या चिठ्ठ्या आणा. त्या सेक्रेटरींच्या घरी पत्र्याच्या डब्यात, रबर बँड लावून तारीखवार ठेवलेल्या निघाल्या. सगळ्या मराठीत होत्या. अनुवादाची गरज लागली नाही.